नुसता उभा होता, पण किती वेळ आणि कुठे?

"वकीलसाहेब, पोरगा नुसता बघत उभा होता, दगडाला हातसुद्धा लावला नाही, तरी दंगलीची केस कशी काय लागते?"

तुम्ही विचारलंत म्हणून एका केसवरूनच सांगतो. कुर्ल्यातली गोष्ट, नावं सांगत नाही. संध्याकाळी डंपरने एका स्कूटरवाल्याला उडवलं, लोक जमले, रस्ता अडवला, "ड्रायव्हरला पकडा" म्हणून ओरडायला लागले. इथपर्यंत राग होता, दंगल नव्हती. मग मागून कुणीतरी बसवर दगड भिरकावला, काच फुटली, कंडक्टरच्या कपाळातून रक्त आलं, आणि पुढच्या दहा मिनिटांत अजून एक बस फुटली. फिर्यादीत लिहिलं, "अनोळखी १५० ते २०० इसमांनी गैरकायद्याची मंडळी जमवून". दोन दिवसांनी एकाच चाळीतली दोन पोरं उचलली.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. पाच किंवा जास्त माणसं, आणि त्यांचा समान उद्देश गुन्ह्याचा, की झाली गैरकायद्याची मंडळी. सुरुवातीला सरळ असलेला जमाव नंतरही तसा होऊ शकतो. हे कळूनही जो मुद्दाम सामील होतो किंवा सामील राहतो तो त्या मंडळीचा सदस्य, आणि त्यातल्या एकाने जरी त्या उद्देशासाठी डोकं फोडलं, किंवा असं काही होण्याची शक्यता आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तर प्रत्येक सदस्य त्या गुन्ह्याला जबाबदार. हेच ते जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम १४९, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १९०, कोर्टात अजून सगळे १४९च म्हणतात. म्हणजे दगड कुणी मारला हा प्रश्न नंतरचा, आधी बघायचं की तू त्यांच्यातला होतास का.

पहिला पोरगा दूध आणायला उतरला होता. समोरच्या गॅलरीतून एका बाईंनी मोबाईलवर शूट केलेलं, त्यात तो दुकानाच्या पायरीवर उभा दिसतो, हातात दुधाची पिशवी, काच फुटल्यावर दचकून मागे सरकतो आणि गल्लीत जातो. मी तो तुकडा किती वेळा बघितला असेल देव जाणे. दुसरा त्याच्यापासून चार हातांवर. त्यानेही दगड मारला नाही, हे अगदी खरंय, पण काच फुटल्यावर तो हात वर करून "फोड, फोड" ओरडतोय आणि घोळक्याबरोबर दुसऱ्या बसपर्यंत चालत जातोय.

टॉवर लोकेशन दोघांचंही तिथलंच, आणि ते असणारच, घरच तिथे आहे! लोकेशनवरून माणूस जागेवर होता एवढंच कळतं, मनात काय होतं ते नाही. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२५ मध्ये गुजरातच्या वडोद गावच्या २००२ च्या दंगलीतल्या सहा जणांना सोडलं ते याच मुद्द्यावर: ते त्याच गावचे, हजर असणं स्वाभाविक, हातात काही सापडलं नाही, आणि पोलिसांच्या फायरिंगनंतर पळापळ झाली की निरपराध माणूससुद्धा गुन्हेगार वाटू शकतो. पण "मी काही केलंच नाही" एवढं म्हणून सुटका होते असंही नाही. मसलती खटल्यात १९६४ सालीच कोर्टाने सांगितलंय की सदस्य असल्याचं सिद्ध झालं तर प्रत्येकाची वेगळी कृती दाखवायची गरज नाही, फक्त मोठ्या जमावात एकाच साक्षीदारावर न विसंबता दोन-तीन जणांनी तेच सुसंगत सांगितलंय का हे बघावं.

म्हणून साक्षीदाराला मी हेच खोदून विचारतो की हा कुठे उभा होता, तोंड कुणीकडे होतं, काच फुटल्यावर हा पुढे आला की मागे गेला, आणि तुम्ही याला आधीपासून ओळखत होतात की पोलिसांनी फोटो दाखवल्यावर ओळखलंत. बऱ्याच केसेसमध्ये साक्षीदार तोंडपाठ केल्यासारखी वीस नावं एका दमात सांगतो आणि कुणाच्या अंगात काय कपडे होते हे एकाचंही सांगता येत नाही, तिथे केस ढासळते.

एक गोष्ट मात्र आयांना मी आवर्जून सांगतो. पोलिसांनी भोंग्यावरून "पांगा" असा कायदेशीर आदेश दिला, जमावामुळे शांतता बिघडायची शक्यता आहे, आणि ते ऐकूनही पोरगा तिथेच थांबला तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. तिथे समान उद्देश वगैरे सिद्ध करावा लागत नाही, "बघत होतो" चालत नाही.

पिशवीवाला पोरगा दोषमुक्त झाला, पण अटकेनंतर अकरा दिवस आत काढून, कारण कंडक्टर सरकारी कर्मचारी धरला गेला आणि जामीन कोर्टातूनच घ्यावा लागला. दुसऱ्याचा खटला चालू आहे. त्याची आई दर तारखेला येते आणि मला तेच सांगते, साहेब, त्याने मारला नाही हो. मी म्हणतो, माहितीये ताई, व्हिडिओत तो चालत गेलाय ना.