मिनिटाला दोन धोटे खाणारं काउंटर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या मामांचे टॉवेलचे माग आहेत. मागावर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा नेणारा धोटा एकदा आरपार गेला की एक पिक. या कारखान्यात विणकराची मजुरी पिकांवर ठरते, त्यामुळे मागाला लागलेल्या जुन्या दातेरी काउंटरवर सगळ्यांचा डोळा असतो. मामा म्हणाले, "एवढं इंजिनियरिंग शिकलास, चार मागांचे आकडे ऑफिसात बसून दिसतील असं काहीतरी कर की बे." मी होकार दिला. आठवडाभराचं काम धरलं होतं, दीड महिना गेला.

मांडणी साधी होती. प्रत्येक मागाच्या क्रँकशाफ्टजवळ एक प्रॉक्सिमिटी सेन्सर, एका फेऱ्याला एक पल्स. चारही तारा ऑप्टोकपलरमधून `STM32F103` या मायक्रोकंट्रोलर चिपच्या चार पिनांवर. ऑफिसपर्यंत लांब केबल आणि गिरणीतला विजेचा गोंगाट, म्हणून सिरियलचा वेग मुद्दाम २४०० बॉड ठेवला. दर मिनिटाला चार ओळींचा अहवाल जायचा, ओळीत ७२ अक्षरं.

पहिल्या दिवशी बोर्ड पहिल्याच पिकला गप्प झालं. डीबगरमध्ये पाहिलं तर प्रोसेसर `Default_Handler` नावाच्या रिकाम्या लूपमध्ये गरगरत होता. कारण लाजिरवाणं होतं: पहिल्या मागाचा इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम अडवणारा सिग्नल, आला की चालणारा हँडलर `EXTI0_IRQHandler` लिहिताना मी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकला होता. कंपायलर काहीच बोलला नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते एक नवं, कुणीच न बोलावलेलं फंक्शन होतं. पण या चुकीमुळे व्हेक्टर टेबल म्हणजे काय ते डोक्यात पक्कं बसलं. मेमरीच्या सुरुवातीला पत्त्यांची एक यादी असते. पहिल्या सोळा जागा प्रोसेसरच्या स्वतःच्या, त्यापुढे उपकरणांच्या. `EXTI0` चा इंटरप्ट क्रमांक ६, म्हणून शून्यापासून मोजलं तर तो २२वा; एका पत्त्याला चार बाइट, म्हणजे त्याची जागा `0x58`. सिग्नल आला की प्रोसेसर कुणाला विचारत बसत नाही. `0x58` वर जो पत्ता लिहिलाय तिकडे सरळ उडी. माझ्या हँडलरचं नाव चुकल्यामुळे तिथे डीफॉल्टचाच पत्ता राहिला होता.

ओचं शून्य केलं, आकडे धावायला लागले, मामा खूश.

तिसऱ्या दिवशी जॉबर काकांनी खिशातली वही काढली. माग दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेलीत, आणि कागदावर बोट ठेवल्याशिवाय ते बोलत नाहीत. "हे बघा. दातेरी काउंटर मिनिटाला दीडशे दाखवतंय, तुमचं एकशे अठ्ठेचाळीस. चारही मागांवर. तुमचं यंत्र मिनिटाला दोन धोटे खातंय."

आठ तासांच्या पाळीत ७२,००० पिक, त्यातले ९६० गायब. विणकर मुकाट सोसणार नव्हते, आणि का सोसावं?

मी आधी सेन्सरवर संशय घेतला. अंतर कमी केलं, केबल बदलली, ऑप्टोकपलर बदलला. चार-पाच दिवस त्यातच गेले. खरं तर उत्तर काकांच्या वाक्यातच होतं. सेन्सर खराब असता तर चूक मागागणिक वेगळी आली असती. चारही मागांवर, दर मिनिटाला, नेमके दोन, म्हणजे मिनिटाला एकदा घडणारं काहीतरी. आणि मिनिटाला एकदा घडणारी माझ्या प्रोग्रॅममध्ये एकच गोष्ट होती, तो अहवाल.

दर सेकंदाला टायमरचा इंटरप्ट यायचा, आणि साठाव्या ठोक्याला मी त्या हँडलरच्या आतच चारही ओळी पाठवत होतो. २४०० बॉडला सेकंदाला २४० अक्षरं जातात. २८८ अक्षरांना १.२ सेकंद. मिनिटाला दीडशे पिक म्हणजे दर ०.४ सेकंदाला एक. म्हणजे अहवाल चालू असताना प्रत्येक मागाचे साधारण तीन पिक येत होते. तिन्ही का हरवत नव्हते? कारण सिग्नल आल्याची खूण चिपमध्ये एका बिटात राहते. दाराला कडी असताना कुणी बेल वाजवली की दिवा लागतो. दिवा लागलेला असताना पुन्हा वाजवली तर तो लागलेलाच राहतो. टायमरचं काम संपल्यावर प्रोसेसरला तो दिवा, म्हणजे पेंडिंग बिट, दिसायचा, तो एक पिक मोजायचा. उरलेले दोन त्या दिव्यातच विरले.

पण मग पिकच्या सिग्नलने टायमरला मध्येच अडवलं का नाही? अडवायला त्याची प्रायॉरिटी टायमरपेक्षा वरची हवी. मी प्रायॉरिटी दिलीच नव्हती, आणि न दिलेल्या सगळ्यांची शून्य असते. बरोबरीचे एकमेकांना अडवत नाहीत, रांगेत थांबतात.

मी पिकला ५ दिली, टायमरला १, आणि निकाल तोच. या चिपवर आकडा लहान तितका मान मोठा, हे मी वाचलं होतं आणि विसरलो होतो. उलट केलं: पिकच्या चारही लाइन १, टायमर ५.

आता पिक खरंच टायमरच्या पोटात शिरतो का, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. अहवाल सुरू झाल्यावर बोर्ड थांबवलं, पिकच्या हँडलरच्या पहिल्याच सूचनेवर ब्रेकपॉइंट ठेवला आणि पुढे सोडलं. थांबल्यावर हे दिसलं:

```
LR         0xFFFFFFF1
[SP+0x18]  0x08000C46
[SP+0x1C]  0x6100002C
```

या तीन ओळींवर मी चहा गार केला. सिग्नल आला की या चिपमधला कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर हातातली सूचना उरकतो आणि आठ रजिस्टर, म्हणजे त्याच्या पोटातल्या छोट्या जागांतले आकडे, स्वतःच मेमरीतल्या स्टॅकवर ठेवतो: `R0` ते `R3`, `R12`, `LR`, परत जायचा पत्ता, आणि प्रोसेसरची स्थिती सांगणारं `xPSR`. एकूण ३२ बाइट. एकीकडे हे ठेवणं चालू असतानाच दुसरीकडे व्हेक्टर टेबलमधून पत्ता आणला जातो. मेमरी थांबायला लावत नसेल तर सगळं १२ क्लॉकमध्ये उरकतं. `R4` ते `R11` मात्र तो जपत नाही. हँडलरला ते लागले तर कंपायलर जपतो, म्हणून सीमध्ये लिहिणाऱ्याला हे जाणवतही नाही.

`SP` म्हणजे स्टॅकचं टोक. तिथून मोजलेला, वरच्या दुसऱ्या ओळीतला पत्ता म्हणजे अडवलेलं काम जिथे थांबलं ती जागा. सिरियलचं पुढचं अक्षर जायची वाट बघणाऱ्या माझ्याच लूपमधली. तिसरी ओळ `xPSR` ची. तिच्या शेवटचं `2C` म्हणजे ४४, म्हणजे सोळा अधिक २८, आणि २८ हा माझ्या टायमरचा, `TIM2` चा क्रमांक. मुख्य प्रोग्रॅम अडवला असता तर तिथे शून्य आलं असतं.

आणि `LR` मधला तो विचित्र आकडा हा पत्ता नाहीच, ती परतीची चिठ्ठी आहे. शेवटी `F9` असेल तर मुख्य प्रोग्रॅमकडे परत, `F1` असेल तर दुसऱ्या हँडलरकडे परत. हँडलर संपताना प्रोसेसर या आकड्यावर उडी मारायला जातो, ही खास किंमत ओळखतो, आणि उडी न मारता स्टॅकवरचे आठ शब्द उचलून जागच्या जागी ठेवतो. टायमरच्या हँडलरला मध्ये कुणी येऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही. पिकचा हँडलर एवढाच होता:

```c
void EXTI0_IRQHandler(void)
{
    EXTI->PR = (1u << 0);
    pick[0]++;
}
```

खूण पुसायची ओळ मुद्दाम पहिली ठेवलीय. शेवटी ठेवली तर पुसल्याची बातमी पोचण्याआधीच हँडलर संपू शकतो, आणि तोच पिक दोनदा मोजला जातो.

बोर्ड लावलं, तासभराने वही घेऊन काकांकडे गेलो. ९,००० च्या जागी ८,९५५. मिनिटाला दोन नाही, पण तासाला पंचेचाळीस अजूनही गायब. काका म्हणाले, "भूक कमी झाली, मोडली नाही."

या वेळी मी सेन्सरला हात लावला नाही. टायमरच्या हँडलरमध्ये हे सापडलं:

```c
send_line(0, pick[0]);
pick[0] = 0;
```

आकडा पाठवायचा आणि शून्य करायचं. आधी हे बिनधास्त चालत होतं, कारण या दोन ओळींमध्ये कुणी येऊच शकत नव्हतं. आता मीच दार उघडलं होतं. एक ओळ पाठवायला ७२ भागिले २४०, म्हणजे ०.३ सेकंद. पिक दर ०.४ सेकंदाला. म्हणजे चारपैकी तीन मिनिटांत एक पिक बरोब्बर या फटीत यायचा, इमानदारीत मोजला जायचा, आणि पुढची ओळ त्याला शून्यात घालवायची. साठ मिनिटांना पंचेचाळीस. गणित इतकं चपखल जुळलं की मी मोठ्याने हसलो, आणि शेजारच्या मागावरच्या बाईंनी माग थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मग दोन बदल केले. पिकचा आकडा शून्य करणं बंद. तो चढतच राहतो, आणि आधीचा आकडा वजा करून मिनिटाचे पिक काढायचे. ३२ बिटांचा आकडा हा प्रोसेसर एका दमात वाचतो, त्यामुळे अर्धा जुना अर्धा नवा अशी भानगड होत नाही. दुसरं म्हणजे अहवाल टायमरच्या हँडलरमधून काढला. तिथे आता फक्त एक झेंडा वर होतो आणि पाठवायचं काम मुख्य लूप करतो:

```c
now = pick[0];
send_line(0, now - prev[0]);
prev[0] = now;
```

हे सुरुवातीलाच केलं असतं तर प्रायॉरिटीचा घोळ घालावाच लागला नसता, हे मला कळतं. तरी पिकची १ मी तशीच ठेवली. उद्या टायमरमध्ये कुणी पुन्हा काही लांबलचक घातलं, आणि तो कुणी बहुधा मीच असणार, तर पिक तरी वाचतील. स्टॅकला मात्र दुहेरी मुक्कामाची जागा धरून ठेवली.

पुढच्या पाळीला तीन मागांवर दोन्ही काउंटर एकाच आकड्यावर आले. दोन नंबरच्या मागावर माझं अकराने जास्त. मी पुन्हा लॅपटॉप उघडायला लागलो तर काकांनी हात धरला. त्या मागाचा बाणा सकाळपासून तुटत होता, आणि तुटला की माग हाताने मागे फिरवतात. दातेरी काउंटर मागे फिरतं, माझ्या सेन्सरला पुढे आणि मागे सारखंच. "याला दुसरा सेन्सर लावा," ते म्हणाले, आणि शाफ्टवर खडूने जागा आखून दिली.