आमची वाटचाल: प्रोप्रायटरीची भागीदारी झाली आणि टीडीएस दारात आला

२०१५ ला अंबड एमआयडीसीत एका भाड्याच्या गाळ्यात मी एकट्याने फॅब्रिकेशन सुरू केलं, एक शिअरिंग, एक बेंडिंग आणि दोन वेल्डर. काम इलेक्ट्रिकल पॅनलच्या बॉक्सचं, नाशकात स्विचगिअरवाल्या कंपन्या भरपूर त्यामुळे ऑर्डर मिळत गेल्या. मशीन कशी घेतली, लोन कसं फेडलं ते पुन्हा कधीतरी लिहीन, आज टीडीएसबद्दल, म्हणजे दुसऱ्याचं बिल देताना त्यातून कापून सरकारला भरायच्या त्याच्या टॅक्सबद्दल, लिहायचंय कारण आमच्यासारख्या छोट्या फर्ममध्ये याच्यावर कोणी नीट बोलत नाही आणि आम्ही त्यात दोनदा अडकलो.

पहिली आठ वर्षं टीडीएस कापायचा विषयच नव्हता. आमची प्रोप्रायटरी, आणि प्रोप्रायटरचा आधीच्या वर्षीचा टर्नओव्हर १ कोटीच्या वर गेला नसेल तर काँट्रॅक्टरच्या किंवा प्रोफेशनलच्या बिलातून टीडीएस कापायची जबाबदारी येत नाही (डॉक्टर, वकील असे प्रोफेशनवाले असतील तर त्यांना ही मर्यादा ५० लाख). आमचा २०२२-२३ चा टर्नओव्हर साधारण ८२ लाख होता, म्हणजे निवांत. मग १ एप्रिल २०२३ पासून धाकट्या भावाला बरोबर घेतलं, पार्टनरशिप डीड केलं, नवीन पॅन, नवीन जीएसटी नंबर, बँकेत नवीन खातं. एवढं सगळं केलं पण एक गोष्ट आमच्या डोक्यात आलीच नाही, की ही १ कोटीची सवलत फक्त व्यक्तीला आणि एचयूएफला म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे, भागीदारी फर्मला नाही. फर्मचा टर्नओव्हर १० लाख असला तरी पहिल्या दिवसापासून कापायचं. गाळा तोच, माणसं तीच, काम तेच, पण कायद्याच्या दृष्टीने आम्ही वेगळे झालो होतो.

सीए मॅडमनी टीडीएस भरायला लागणारा टॅन नंबर काढायला लावला तेव्हा सांगितलं होतं, "काँट्रॅक्टरचं बिल ३० हजारांच्या वर गेलं की टीडीएस कापा." त्या पुढचं अर्धं वाक्यही बोलल्या असणार पण मी ३० हजार एवढंच धरून बसलो. शेडच्या पत्र्याचं काम करणाऱ्या काँट्रॅक्टरचं एक मोठं बिल होतं त्याचा कापला, भरला, टीडीएसचं तिमाही रिटर्न २६क्यू पण गेलं, आणि मला वाटलं झालं आपलं.

आता मुख्य प्रसंग. आमचे बॉक्स पावडर कोटिंगला बाहेर जातात. कोटिंगवाले अण्णा सातपूरला असतात, त्यांचं महिन्याला एकच बिल येतं आणि ते कधीच ३० हजारांच्या वर जात नाही. २०२३-२४ ची त्यांची बिलं मी समोर ठेवून लिहितोय (जीएसटी सोडून): एप्रिल १८,०००, मे २२,०००, जून १९,५००, जुलै २४,०००, ऑगस्ट २३,०००. एकेक बघितलं तर कापायचं काही कारण नाही. पण नियम दोन आहेत, आणि दोन्हीपैकी एक लागला तरी पुरे: एका वेळची रक्कम ३०,००० च्या वर, किंवा त्या आर्थिक वर्षात त्या पार्टीची एकूण बेरीज १ लाखाच्या वर. जुलैअखेर बेरीज ८३,५०० होती, ऑगस्टच्या बिलाने ती १,०६,५०० झाली. म्हणजे ऑगस्टचं बिल बुकात घेताना टीडीएस कापायला हवा होता, आणि तोही फक्त वरच्या ६,५०० वर नाही तर सुरुवातीपासूनच्या पूर्ण १,०६,५०० वर, १ टक्क्याने १,०६५ रुपये. त्यानंतर मार्चपर्यंत प्रत्येक बिलावर.

आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं. २०२४ च्या जुलैत फर्मचं इन्कम टॅक्स रिटर्न तयार करताना मॅडमनी अण्णांचं लेजर उघडलं, वर्षाची बेरीज २,५८,०००, टीडीएस शून्य. त्यांनी तिथेच कॅल्क्युलेटरवर मला दाखवलं. कापायचा टीडीएस होता २,५८० रुपये. पण ज्या खर्चावर टीडीएस कापलाच नाही त्या खर्चाचे ३० टक्के अमान्य होतात, म्हणजे ७७,४०० रुपये आमच्या नफ्यात मिळवले जाणार, आणि फर्मला ३० टक्के टॅक्स अधिक ४ टक्के सेस म्हणजे ३१.२ टक्के, तर जवळपास २४,१४९ रुपयांचा जादा टॅक्स. अडीच हजार न कापल्यामुळे चोवीस हजार. तो आकडा बघून मी दोन मिनिटं काही बोललोच नाही.

सुटका एवढ्यासाठी झाली की रिटर्नची तारीख, आमच्यासाठी ३१ जुलै, अजून गेली नव्हती. त्या तारखेच्या आत कापून भरला तर खर्च पूर्ण धरता येतो. मी त्याच संध्याकाळी अण्णांकडे गेलो. बिलं तर आम्ही पूर्ण चुकती केली होती, आता २,५८० चालू बिलातून वळते करायचे होते. अण्णा आधी वैतागले, म्हणाले, "भाऊ, मागच्या वर्षीचा हिशोब झाला ना, आता परत कापताय म्हणजे काय." त्यांचं चुकत नव्हतं. मी त्यांना सांगितलं की हे पैसे माझ्याकडे राहत नाहीत, तुमच्या पॅनवर जमा होतात, तुमच्या २६एएस मध्ये दिसतील आणि रिटर्न भरताना तुमच्या टॅक्समधून वजा होतील किंवा रिफंड येईल. जुलैतच कापून चलन भरलं, जुलै-सप्टेंबरच्या २६क्यू मध्ये दाखवलं, आणि नंतर त्यांना त्यांच्याच मोबाईलवर २६एएस उघडून दाखवला तेव्हा त्यांचं समाधान झालं. उशिरा कापल्याचं व्याज दर महिन्याला १ टक्का, ज्या महिन्यात कापायला हवा होता तिथपासून, ते सगळं मिळून अडीचशेच्या आसपास आलं आणि ते आम्ही भरलं, अण्णांकडून घेतलं नाही. ते आमच्याच चुकीचं होतं.

तारीख उलटून गेली असती तरी एक वाट असते, पार्टीने स्वतःच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न दाखवून टॅक्स भरलेला असेल तर तिच्या सीएचं सर्टिफिकेट फॉर्म २६ए मध्ये घेता येतं आणि खर्च वाचतो. पण त्यासाठी समोरच्याच्या रिटर्नची आणि सीएची मनधरणी करावी लागते, म्हणून त्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे.

आमच्यासारख्यांचा नेहमीचा गोंधळ म्हणजे कोटिंगवाला पावडर स्वतःची वापरतो मग ते काँट्रॅक्ट कसं, माल घेतल्यासारखंच झालं ना? नाही. बॉक्स आपला आहे, त्यावर तो काम करून परत देतो, ते जॉबवर्कच. लेझर कटिंगचं बघा, पत्रा आपण पाठवला आणि कापून आणला तर टीडीएस लागतो, पत्रा त्याचाच असेल आणि तो आपल्या ड्रॉइंगप्रमाणे तयार पार्ट विकत असेल तर ती खरेदी, तिथे हा टीडीएस नाही. आमच्या एकाच लेझरवाल्याकडून दोन्ही प्रकारची बिलं येतात, म्हणून त्याची लेजरच आता दोन केलीत.

दर किती लावायचा याला मॅडमनी सांगितलेली खूण फार उपयोगी आहे. पॅनचं चौथं अक्षर बघायचं. पी असेल तर व्यक्ती, एच असेल तर एचयूएफ, या दोघांना १ टक्का. एफ म्हणजे फर्म, सी म्हणजे कंपनी, त्यांना २ टक्के. दुकानाच्या पाटीवर 'इंडस्ट्रीज' किंवा 'एंटरप्रायझेस' लिहिलेलं असतं त्यावरून काही कळत नाही, अण्णांच्या पाटीवर पण इंडस्ट्रीज आहे आणि पॅन पी चा. आणि पॅन दिलाच नाही तर सरळ २० टक्के कापावा लागतो, म्हणून नवीन पार्टीकडे माल पाठवायचं पहिलं चलन लिहायच्या आधी पॅन मागतो.

दुसऱ्यांदा अडकलो ते तारखेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एका डिझाइन इंजिनिअरकडून नवीन बॉक्सची ड्रॉइंग करून घेतली, फी ४५,००० आणि १८ टक्के जीएसटी ८,१००, बिल ५३,१०० चं. इंजिनिअरची फी म्हणजे प्रोफेशनल, १० टक्के. अकाउंटचं बघणाऱ्या ताईंनी ५३,१०० वर ५,३१० काढले होते, ते थांबवलं, कारण बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच. म्हणजे ४,५०० कापले आणि ४८,६०० दिले. इथपर्यंत बरोबर. पण चलन भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ७, आणि दिवाळीची सुट्टी, मग माणसं परत येईपर्यंतची गडबड, यात आम्ही ८ नोव्हेंबरला भरलं. एक दिवस उशीर. मला वाटलं एका दिवसाचं व्याज लागेल. लागलं १३५ रुपये, म्हणजे ३ टक्के! कापून न भरल्याचं व्याज महिन्याला दीड टक्का, आणि महिन्याचा भाग म्हणजे पूर्ण महिना, मोजणी कापल्या तारखेपासून, ७ तारखेपासून नाही. ऑक्टोबर एक, नोव्हेंबर दोन. रक्कम लहान होती म्हणून १३५ वर निभावलं, हाच टीडीएस ५० हजार असता तर दीड हजार.

फक्त मार्चला सूट आहे, मार्चमध्ये कापलेला ३० एप्रिलपर्यंत भरता येतो. पण त्यात एक गोम आहे. मार्चचं बिल मार्चमध्ये बुकात घेतलं आणि पैसे मे मध्ये दिले, तरी टीडीएस मार्चचाच, कारण पार्टीच्या खात्यात जमा करणं किंवा पैसे देणं यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचा. ॲडव्हान्स दिला तर ॲडव्हान्स देतानाच.

रिटर्न तिमाहीचं: ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि शेवटच्या तिमाहीचं ३१ मे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, टीडीएसच्या रकमेएवढे होईपर्यंत. रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून १५ दिवसांत पार्टीला फॉर्म १६ए, म्हणजे कापलेल्या टीडीएसचं सर्टिफिकेट, द्यायचा, तो आम्ही आता पार्ट्यांनी मागायची वाट न बघता व्हॉट्सॲपवर पाठवतो.

प्रोफेशनल फीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ३० हजारांची ५० हजार झाली, म्हणजे तीच ४५ हजारांची ड्रॉइंग फी आज वर्षातलं एकमेव बिल असती तर कापायची गरज नव्हती. काँट्रॅक्टरचे ३० हजार आणि १ लाख मात्र तसेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झाला, त्यात काँट्रॅक्टरचं जुनं १९४सी आणि प्रोफेशनलचं १९४जे ही कलमं जाऊन सगळं कलम ३९३ मध्ये आलंय. मी वर फॉर्मचे जुने नंबर लिहिलेत कारण आमचे प्रसंग त्या वेळचे आहेत.

आता आमच्याकडे जॉबवर्कचं बिल आलं की ताई त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने त्या पार्टीची एप्रिलपासूनची बेरीज लिहितात आणि मगच ते माझ्या टेबलावर येतं. ८० हजार ओलांडले की आकड्याला गोल करतात, आणि मी पार्टीला फोन करून सांगतो की पुढच्या बिलातून मागचं सगळं धरून कापणार आहे. चलन ५ तारखेला भरतो. अण्णांच्या या जुलैच्या बिलावर गोल आहे, ८६,२००, आणि त्यांना फोन काल केला.