जाहिरात लागल्यानंतरची पाच मिनिटे

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील आमचा कारखाना द्राक्षबागांसाठी ट्रॅक्टरवर चालणारे फवारणीचे ब्लोअर तयार करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगाच्या भीतीने फवारण्या वाढतात, त्यामुळे चौकशीचा हंगाम सप्टेंबरच्या उत्तरार्धातच सुरू होतो. गेल्या हंगामात मालकांनी, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, पहिल्यांदाच दोन मराठी वाहिन्यांवर वीस सेकंदांच्या जाहिरातीचे स्पॉट घेतले: एकीवर सकाळच्या शेतीविषयक कार्यक्रमात आणि दुसरीवर संध्याकाळी सातच्या बातम्यांत. जाहिरातीच्या मागणीपत्रावर, म्हणजे रिलीज ऑर्डरवर, सही करताना त्यांनी मला एवढेच विचारले, "कोणत्या स्पॉटमुळे फोन वाजला, हे मला सांगता येईल का?" संकेतस्थळ आणि फोनची यंत्रणा मीच सांभाळत असल्याने हे काम माझ्याकडे आले.

पद्धतीमागची कल्पना सोपी आहे. जाहिरात लागल्यानंतरच्या काही मिनिटांत संकेतस्थळावर किती लोक आले हे मोजायचे, जाहिरात नसती तर त्याच मिनिटांत किती आले असते याचा अंदाज बांधायचा आणि दोन्हींतला फरक त्या स्पॉटच्या खात्यावर लिहायचा. अडचण येते ती "जाहिरात लागल्यानंतर" आणि "नसती तर" या दोन शब्दप्रयोगांत, आणि माझा बहुतेक वेळ तिथेच गेला.

आधी वेळेचे पाहू. आपण वाहिनीकडून ठरावीक मिनिट विकत घेत नाही, तर सात ते आठसारखा पट्टा घेतो, आणि स्पॉट त्या पट्ट्यातल्या कोणत्याही ब्रेकमध्ये लागू शकतो. प्रत्यक्ष वेळ कळते ती टेलिकास्ट सर्टिफिकेटवरून, ज्यात प्रत्येक स्पॉटची तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ असते. हे सर्टिफिकेट जाहिरात एजन्सी सहसा महिनाअखेरीच्या बिलासोबत पाठवते. मी ते दर आठवड्याला मागितले, तेव्हा एजन्सीचा माणूस म्हणाला, "साहेब, बिलाआधी टीसी कोणी मागत नाही." रिलीज ऑर्डरमध्ये तशी अट घातल्यावर मात्र ते दर सोमवारी येऊ लागले.

संकेतस्थळाची नोंद मिनिटागणिक हवी होती. गुगल अ‍ॅनालिटिक्सची नोंद बिगक्वेरी या गुगलच्याच डेटा-भांडारात उतरवली की प्रत्येक घटनेची वेळ जागतिक प्रमाणवेळेत मायक्रोसेकंदांमध्ये मिळते, आणि ती भारतीय वेळेत फिरवून घ्यावी लागते, अन्यथा सगळा तक्ता साडेपाच तासांनी सरकतो:

```sql
SELECT
  FORMAT_TIMESTAMP('%F %H:%M',
    TIMESTAMP_MICROS(event_timestamp),
    'Asia/Kolkata') AS minute_ist,
  COUNT(DISTINCT user_pseudo_id) AS visitors
FROM `project.analytics_000000.events_*`
WHERE event_name = 'session_start'
  AND geo.region = 'Maharashtra'
GROUP BY minute_ist
ORDER BY minute_ist
```

इथे शहर न घेता राज्य घेतले, ते जाणूनबुजून. मोबाईल डेटावरून आलेला दिंडोरीचा बागायतदार अ‍ॅनालिटिक्समध्ये बऱ्याचदा मुंबईत किंवा पुण्यात बसलेला दिसतो. शहराची चाळणी लावली असती तर आमचे खरे गिऱ्हाईकच गाळले गेले असते.

पहिल्या आठवड्याचे सर्टिफिकेट आणि हा तक्ता शेजारी ठेवल्यावर संध्याकाळच्या वाहिनीबाबत एक विचित्र गोष्ट दिसली. भेटींचा उंचवटा जाहिरातीनंतर नव्हे, तर जाहिरातीच्या दोन-तीन मिनिटे आधीच सुरू होत होता, आणि तोही जवळजवळ प्रत्येक स्पॉटला. जाहिरात पाहण्याआधी तिला प्रतिसाद देणे कोणालाच शक्य नाही, तेव्हा दोन घड्याळांपैकी एक चुकीचे असणार. सर्वांत सोपा उपाय म्हणजे उंचवटा नेमका जुळेल इतका तक्ता सरकवणे. पण तो करू नये. जो आकडा शोधायचा आहे त्याच्याच मदतीने घड्याळ लावले, तर साध्या योगायोगाचाही उंचवटा तयार करता येतो. म्हणून आमच्या स्वागतकक्षातल्या टीव्हीसमोर, मोबाईलवरचे घड्याळ त्याच चौकटीत दिसेल अशा बेताने, एका संध्याकाळचा पूर्ण पट्टा चित्रित केला. सर्टिफिकेटवरची वेळ प्रत्यक्षाच्या सुमारे अडीच मिनिटे पुढे निघाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा चित्रण केले, तेव्हा फरक तेवढाच आला, आणि मगच त्या वाहिनीच्या सर्व वेळा अडीच मिनिटे मागे घेतल्या. डीटीएचवर चित्र काही सेकंदच उशिरा येते, पण मोबाईल अ‍ॅपवर तेच प्रक्षेपण बरेच मागे असते, त्यामुळे उंचवट्याची शेपटी थोडी लांबते. ती आवरण्याच्या फंदात मी पडलो नाही.

आता "जाहिरात नसती तर" याकडे वळू. स्पॉटच्या आधीच्या दहा मिनिटांची सरासरी हा एक आधार झाला. पण रात्री जेवणाच्या सुमारास भेटी आपोआपच वाढतात, म्हणून मोहीम सुरू होण्यापूर्वीच्या त्याच वारांची तीच मिनिटेही पाहिली आणि दोन्हींचा मेळ घालून अपेक्षित आकडा काढला. इथे एक पथ्य पाळावे लागते. आमच्या विक्री विभागाला व्हॉट्सअ‍ॅपवरचे सामूहिक संदेश संध्याकाळी सात वाजताच पाठवण्याची सवय होती. मोहिमेपुरते ते दुपारी पाठवावेत, अशी विनंती केली; नाहीतर त्या भेटीही टीव्हीच्या नावावर जमा झाल्या असत्या. फेसबुकवरच्या सशुल्क जाहिरातींमधून आलेल्या भेटी वगळल्या. कंपनीचे नाव शोधून गुगलच्या जाहिरातीवर क्लिक करणारे मात्र ठेवले, कारण टीव्ही पाहून उठलेला माणूस नेमके तेच करतो.

एका गुरुवारचा हिशेब सविस्तर सांगतो. दुरुस्त केलेल्या वेळेनुसार स्पॉट 7 वाजून 14 मिनिटांनी लागला. पुढच्या पाच मिनिटांत 21 भेटी अपेक्षित होत्या, प्रत्यक्षात 47 आल्या, म्हणजे 26 जादा. अशा मोजणीत नैसर्गिक चढउतार साधारणपणे अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो, आणि 21 चे वर्गमूळ साडेचारच्या आसपास येते. 26 ची वाढ त्याच्या पाचपटीहून अधिक असल्याने तिच्याविषयी शंका उरली नाही. त्याच दिवशीच्या सकाळच्या स्पॉटनंतर मात्र 6 अपेक्षित असताना 9 भेटी आल्या. तीनची वाढ हा निव्वळ चढउतारही असू शकतो. त्या एका स्पॉटविषयी काहीही बोलणे योग्य नव्हते.

वर्गमुळाच्या नियमावरही मी पूर्ण विसंबलो नाही. लोक संकेतस्थळावर एकेकटे येत नाहीत. द्राक्ष बागायतदारांच्या एखाद्या गटात कोणी आमचा दुवा टाकला की दहा जण एकदम येतात, आणि खरा चढउतार नियमापेक्षा मोठा निघतो. म्हणून मोहिमेपूर्वीच्या महिन्यातल्या संध्याकाळच्या शंभर वेळा यदृच्छेने निवडल्या आणि त्या प्रत्येक वेळी जाहिरात लागली आहे असे समजून तोच हिशेब केला. न लागलेल्या जाहिरातींनीही कधीकधी 8 ते 10 जादा भेटी "आणल्या". 12 च्या पुढची वाढ मात्र अगदी क्वचित दिसली. म्हणून संध्याकाळच्या कोणत्याही एका स्पॉटची 12 पेक्षा कमी वाढ मी नानांना दाखवायची नाही, असे ठरवले. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी भाग हाच, आणि एजन्सीच्या चकचकीत अहवालात मला तोच सापडला नाही.

सकाळच्या स्पॉटसाठी उपाय वेगळा होता. एकेका स्पॉटचा आवाज ऐकू येत नसेल, तर सगळे एकत्र ऐकावेत. सकाळचे 18 स्पॉट एकावर एक ठेवून, प्रत्येकाचे पहिले मिनिट पहिल्याखाली आणि दुसरे दुसऱ्याखाली, बेरीज केली. एकूण 108 भेटी अपेक्षित होत्या, 150 आल्या. 108 चे वर्गमूळ दहाच्या थोडेसे वर जाते, तेव्हा 42 ची वाढ त्याच्या चौपट ठरली. म्हणजे सकाळचा स्पॉट काम करत होता, फक्त दर स्पॉटमागे दोन-तीन भेटी इतकेच. एकट्या संकेतस्थळावरून निर्णय घेतला असता, तर सकाळचा पट्टा तिथेच बंद झाला असता.

फोनने वेगळे चित्र दाखवले. प्रत्येक वाहिनीसाठी वेगळा क्रमांक घेतला होता, त्यामुळे स्पॉटच्या दोन आवृत्त्या कराव्या लागल्या आणि एजन्सीने थोडी कुरकुर केली. संकेतस्थळाची वाढ पहिल्या दोन मिनिटांत शिगेला पोहोचते. फोन मात्र तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला येऊ लागतात आणि दहाव्यापर्यंत चालतात. म्हणून फोनसाठी मोजणीची खिडकी दहा मिनिटांची ठेवली. नोंदीत कॉल सुरू झाल्याची वेळ घ्यावी लागते; आमच्या सेवादात्याचा अहवाल कॉल संपल्याच्या वेळेनुसार लावलेला असतो, आणि चार मिनिटे बोललेला माणूस त्यात चार मिनिटे उशिरा आल्यासारखा दिसतो.

त्या गुरुवारी संध्याकाळी उचललेले कॉल मोजले तर आकडा नेमका 8 वर अडकलेला होता. आमच्याकडे लाइनच आठ आहेत. आधीच्या स्पॉटनाही 8 किंवा 7 असेच आकडे दिसल्यावर लक्षात आले की आपण जाहिरातीचा परिणाम नव्हे, तर आपल्या फोनची क्षमता मोजत आहोत. व्यस्त लागलेल्या कॉलची नोंद सेवादात्याकडे वेगळी असते. ती मागवल्यावर त्या दहा मिनिटांत एकूण 23 प्रयत्न दिसले, आणि एकच माणूस दोन-तीनदा लावतो हे ध्यानात घेऊन वेगवेगळे क्रमांक मोजले तेव्हा 15 भरले. सकाळच्या स्पॉटला, जिथे एरवी दहा मिनिटांत एखादाच फोन येतो, सरासरी 8 वेगवेगळे क्रमांक जादा येत होते. निफाड आणि चांदवडकडचा शेतकरी सकाळी चहा घेता घेता थेट फोन लावतो, संकेतस्थळ उघडत नाही. संध्याकाळी फोन करणाऱ्यांत डीलरशिप विचारणारेच बरेच होते.

हिशेब नानांसमोर ठेवला तेव्हा दर दहा सेकंदांचा भावही शेजारी लिहिला. संध्याकाळचा आमचा दर सकाळच्या जवळपास चौपट होता आणि फोन सरासरी 12, म्हणजे पैशाच्या मानाने सकाळचा फोन बराच स्वस्त पडत होता. नाना तक्ता पाहून म्हणाले, "मग संध्याकाळ बंदच करू या का?" तिथे मी त्यांना थांबवले. पाच-दहा मिनिटांची खिडकी दोन स्पॉटची तुलना करायला उपयोगी पडते, टीव्हीचा एकूण परिणाम तिच्यात मावत नाही. वाहिनीसाठी घेतलेले वेगळे क्रमांक इथे कामी आले. सकाळच्या क्रमांकावर आलेल्या एकूण फोनपैकी दहा मिनिटांत आलेले सुमारे एक तृतीयांश होते. संध्याकाळच्या क्रमांकावर हे प्रमाण त्याहूनही कमी भरले, कारण घरात विचारविनिमय करून लोक दुसऱ्या दिवशी फोन करत होते. संकेतस्थळावर नंतर आलेल्यांना असे ओळखण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता.

पुढच्या रिलीज ऑर्डरमध्ये संध्याकाळचे स्पॉट निम्मे केले, सकाळचे वाढवले, आणि संध्याकाळच्या आवृत्तीत फोन क्रमांक शेवटच्या चार सेकंदांऐवजी पूर्ण वीस सेकंद तळपट्टीवर ठेवला. सात ते आठ या वेळेत चार लाइन वाढवून घेतल्या आहेत. साप्ताहिक टेलिकास्ट सर्टिफिकेटची अट कायम ठेवली असून, घड्याळ तपासण्यासाठी महिन्यातून एकदा टीव्हीसमोर मोबाईल लावण्याचे काम स्वागतकक्षातल्या ताईंकडे दिले आहे.