तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यात ठोके कमी का पडतात?

«पळताना माझे ठोके सहज १६५ पर्यंत जातात, पण पोहताना जीव तोडून हात मारले तरी घड्याळ १५० च्या वर सरकत नाही. माझी मेहनत कमी पडते आहे का? आणि पाण्यासाठी ठोक्यांचे झोन कसे ठरवायचे?»

मेहनत कमी पडत नाही. हृदयाचे पाण्यातले काम निराळे असते, एवढेच. दर मिनिटाला शरीराला किती रक्त मिळणार हे दोन गोष्टींवर ठरते: ठोके किती पडतात आणि प्रत्येक ठोक्यात किती रक्त बाहेर पडते. पळताना आपण उभे असतो आणि पायांत उतरलेले रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवावे लागते. पोहताना शरीर आडवे असल्यामुळे तेच रक्त विनासायास हृदयाकडे परतते, शिवाय पाण्याचा दाब त्वचेजवळच्या शिरांमधले रक्त छातीकडे ढकलतो. हृदय दर वेळी अधिक भरते, एका ठोक्यात अधिक रक्त फेकते आणि तेवढ्याच कामासाठी त्याला कमी ठोके पुरतात.

याला आणखी दोन कारणांची जोड मिळते. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातली उष्णता कितीतरी पटींनी वेगाने ओढून घेते, त्यामुळे अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जे जादा रक्त पाठवावे लागते ते पाण्यात फारसे लागत नाही. शिवाय क्रॉलमध्ये ओढीचा मुख्य भार खांदे, पाठ आणि दंडांवर असतो, आणि मांड्यांच्या मोठ्या स्नायूंना पळण्याइतका प्राणवायू लागत नाही. चेहरा गार पाण्यात बुडाला आणि श्वास रोखला की ठोके मंदावणारी एक उपजत प्रतिक्रियाही मानवी शरीरात आहे. तिचाच बोलबाला अधिक असतो, परंतु जो नियमित श्वास घेत सलग पोहतो आहे त्याच्या बाबतीत शरीराची आडवी स्थिती आणि पाण्याचा दाब यांना मी अधिक महत्त्व देतो.

या सर्वांचा एकत्रित परिणाम म्हणून सरावलेल्या माणसाचे पोहतानाचे कमाल ठोके पळण्यापेक्षा साधारण १० ते १५ ने कमी राहतात. त्यामुळे पळण्याच्या प्रत्येक झोनमधून १० वजा करा, असा सोपा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही, कारण हा फरक माणसागणिक बदलतो. जो लहानपणापासून पोहतो आहे त्याच्यात तो थोडा असू शकतो, आणि ज्याचे हात लवकर थकतात त्याच्यात बराच मोठा. उलट अगदी नवशिक्या माणसाचे ठोके पाण्यात पळण्याइतकेच किंवा त्याहूनही अधिक दिसू शकतात, कारण तो श्वास कोंडतो, पाय आपटतो आणि थोडा घाबरलेलाही असतो. त्याने सध्या झोनच्या भानगडीत पडू नये. आधी श्वास सुटा व्हायला हवा.

म्हणून पाण्याचा उंबरठा, म्हणजे दीर्घकाळ टिकवता येईल अशा मेहनतीची वरची सीमा, पाण्यातच मोजावा आणि तोही आधी वेगाने, मग ठोक्यांनी. पद्धत सोपी आहे. नीट अंग मोकळे करून ४०० मीटर पूर्ण ताकदीने पोहायचे, पुरेशी विश्रांती घेऊन मग २०० मीटर तसेच, आणि दोन्ही वेळा भिंतीवरून ढकलून सुरुवात करायची. समजा ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्या एखाद्या धावपटूला ४०० मीटरला ८ मिनिटे २० सेकंद आणि २०० मीटरला ४ मिनिटे लागली. फरक आला ४ मिनिटे २० सेकंदांचा. त्याचा अर्धा भाग म्हणजे २ मिनिटे १० सेकंद, हा त्याचा दर १०० मीटरचा उंबरठ्याचा वेग. येथे एक गफलत नेहमी होते: ४०० मीटरने दमलेला माणूस २०० मीटर हात राखून पोहतो. त्याची वेळ ४ मिनिटे १० सेकंद आली असती, म्हणजे ४०० मीटरच्या बरोबर निम्मी, तर उंबरठा २ मिनिटे ५ सेकंद निघाला असता. हा तर त्याचा ४०० मीटरचाच सरासरी वेग झाला, आणि तो दीर्घकाळ टिकणे शक्य नाही. आकडे असे जुळले की चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावी.

ठोके मोजायचे ते त्यानंतरच्या एखाद्या ताज्या दिवशी. २ मिनिटे १० सेकंदांच्या वेगाने २०० मीटरच्या पाच फेऱ्या, प्रत्येकीनंतर २० सेकंद थांबा. पहिल्या दोन फेऱ्यांत ठोके अजून चढत असतात, म्हणून शेवटच्या तीन फेऱ्यांच्या अखेरीचे आकडे घ्यावेत. समजा ते १५१, १५२ आणि १५३ आले, तर पाण्यातला उंबरठा १५२ धरावा. याच माणसाचा पळण्यातला उंबरठा १६६ असेल, तर फरक १४ चा झाला. माझ्या हिशेबात उंबरठ्याच्या ८५ टक्क्यांखाली सहज पोहणे, म्हणजे येथे १२९ पर्यंत. तेथून १४३ पर्यंत मध्यम. आणि १४५ ते १५४ हा उंबरठ्याचा पट्टा. सहज पोहण्याचा वेग उंबरठ्यापेक्षा दर १०० मीटरला १० ते १५ सेकंदांनी संथ असतो. उंबरठ्याच्या वरचे ५० मीटरचे वेगवान तुकडे ठोक्यांवर मोजूच नयेत, कारण हृदय त्या कष्टाला गाठेपर्यंत तुकडा संपलेला असतो.

पळण्याचेच झोन पाण्यात वापरले तर काय होते, तेही याच आकड्यांत दिसते. १६६ चे ८५ टक्के म्हणजे १४१, आणि १४१ वर हा गृहस्थ पाण्यात मध्यम झोनच्या वरच्या टोकाशी पोहत असतो. त्याचा विश्रांतीचा दिवस विश्रांतीचा राहतच नाही. उंबरठ्याच्या दिवशी याच्या उलट घडते: १६० गाठण्यासाठी तो पाय जोरात मारू लागतो. मोठे स्नायू कामाला लागल्याने ठोके वाढतात खरे, पण वेग जवळपास तिथेच राहतो आणि हाताची ओढ तोकडी होते.

हे सर्व आकडा खरा असेल तरच. मनगटावरचे घड्याळ प्रकाशाने नाडी वाचते, आणि पट्ट्याखाली पाणी शिरले किंवा गार त्वचेतले रक्त कमी झाले की ते चुकते. आलेख बराच काळ सपाट राहून एकदम उडी मारत असेल, किंवा आकडा तुमच्या हातांच्या गतीशी जुळत असेल, तर तो सोडून द्यावा. छातीचा पट्टा अधिक भरवशाचा आहे, मात्र ब्लूटूथ पाण्यातून पोहोचत नाही, म्हणून नोंदी स्वतःत साठवणाराच पट्टा घ्यावा. भिंत ढकलताना तो पोटावर घसरतो. वर अंगाबरोबरचा ट्रायसूट घातला तर जागेवर राहतो. काहीच नसेल तर भिंतीला टेकताक्षणी मानेवर १० सेकंद नाडी मोजून ६ ने गुणावे. एक ठोका चुकला की ६ चा फरक पडतो आणि थांबल्याबरोबर ठोके उतरूही लागतात, त्यामुळे हा आकडा अंदाजच समजावा.

पाण्याचे तापमानही पाहावे. स्पर्धेच्या तलावात ते २५ ते २८ अंश ठेवतात, पण मे महिन्यात आपल्याकडच्या उघड्या तलावांचे पाणी त्याहून बरेच तापते आणि त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. म्हणून हिवाळ्यात काढलेला उंबरठा उन्हाळ्यात पुन्हा तपासावा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली औषधे घेणाऱ्यांनी यातले ठोक्यांचे गणित अजिबात वापरू नये, कारण औषधच ठोके दाबून ठेवते. त्यांनी किती जोर लावायचा हे डॉक्टरांना विचारून, मग वेग आणि स्वतःचा श्वास यांवर चालावे.