पर्मनंटची तारीख की रुजू झाल्याची?

भोसरीतल्या एका कारखान्यातले टर्नर 31 मार्च 2024 ला साठाव्या वर्षी निवृत्त होणार होते. फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा कागद माझ्यापुढे आला, तेव्हा त्यावर ग्रॅच्युइटी 7,20,000 रुपये लिहिली होती. बेसिक आणि डीए मिळून 39,000, त्याला 26 ने भागून 15 ने गुणलं की एका वर्षाचे 22,500, आणि सेवा 32 वर्षं. गणितात चूक नव्हती. नोकरीची सुरुवात मात्र 1 जानेवारी 1992, म्हणजे पर्मनंट झाल्याच्या दिवसापासून धरली होती.

काका एवढंच म्हणाले, "साहेब, मी 88 पासून इथंच आहे की."

ग्रॅच्युइटी कायदा टेम्पररी आणि पर्मनंट असा भेद करत नाही. सेवा सलग होती का, एवढंच तो बघतो. मधे चार-आठ दिवसांचे ब्रेक देऊन नवं नेमणूकपत्र दिलं असलं, तरी आधीच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं की ते वर्ष सलगच धरायचं. पगारी सुट्ट्या आणि भरपगारी रजाही त्या 240 मध्ये मोजतात. हा पुरावा सहसा जुन्या पगारपत्रकात आणि पीएफच्या फॉर्म 3ए मध्ये सापडतो, कारण 3ए वर दर महिन्याची कपात दिसते. माळ्यावरचे गठ्ठे सोडले, तेव्हा 10 ऑगस्ट 1989 पासूनच्या नोंदी मिळाल्या. ब्रेक होते, पण प्रत्येक वर्षी 240 दिवस भरत होते. त्याआधीचं एक वर्ष काका अॅप्रेंटिस होते. ते धरता येत नाही, कारण अॅप्रेंटिस या कायद्याच्या व्याख्येत कर्मचारी नसतो. हे काकांना समजावून सांगावं लागलं, आणि त्यांना ते पटलं.

10 ऑगस्ट 1989 ते 31 मार्च 2024 म्हणजे 34 वर्षं, 7 महिने आणि काही दिवस. सहा महिन्यांच्या वर गेलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून 35 वर्षं. रक्कम झाली 7,87,500. तारखेच्या एका रकान्यामुळे 67,500 रुपये बुडणार होते. 26 च्या जागी 30 ने भागण्याची चूक तर याहून महाग पडते: याच पगारावर आणि याच सेवेवर 1,05,000 रुपये कमी येतात. (21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. 15/26 चं सूत्र तेच राहिलं, पण भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. भत्ते फुगवलेल्या पगारात हा फरक मोठा पडतो.)

शिल्लक रजेच्या पैशांचं काम सोपं होतं. शिल्लक 120 दिवस, आणि युनियनच्या करारात भाजक 26 लिहिलेला. रोजचे 1,500, एकूण 1,80,000. इथे भाजक करारातून किंवा कंपनीच्या नियमातूनच घ्यायचा. ग्रॅच्युइटीत 26 आहे म्हणून रजेलाही 26 असं आपोआप होत नाही. या रकमेवर पीएफ कापायचा नसतो.

खरी गुंतागुंत पीएफमध्ये निघाली. काकांना मार्च 2022 मध्ये 58 पूर्ण झाली होती. मालकाच्या 12 टक्क्यांतून पेन्शन खात्यात जाणारे महिना 1,250 रुपये तिथे थांबायला हवे होते आणि मालकाचा सगळा हिस्सा पीएफ खात्यात जायला हवा होता. साठपर्यंत पेन्शन पुढे ढकलून वर्गणी चालू ठेवता येते, पण तसा पर्याय काकांनी दिला नव्हता. ईसीआरमध्ये, म्हणजे दर महिन्याच्या पीएफ भरण्याच्या पत्रकात, पेन्शनचं वेतन शून्य करायचं राहून गेलं, आणि एप्रिल 2022 ते मार्च 2024 चे 24 महिने, म्हणजे 30,000 रुपये चुकीच्या खात्यात गेले. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात 58 नंतरही 1,250 दिसले, की हीच चूक समजायची. पीएफ काढण्याचा फॉर्म 19 आणि पेन्शन मागण्याचा 10डी भरण्याआधी महिनावार तक्ता जोडून ही रक्कम पेन्शनच्या खाते 10 मधून पीएफच्या खाते 1 मध्ये वळवण्याचं पत्र द्यावं लागतं. नाहीतर पेन्शनचा दावा त्याच मुद्द्यावर अडकतो.

पत्र तयार करताना काकांनी विचारलं, "मग पेन्शन आता सुरू होणार ना?" पेन्शनचा हक्क 58 पूर्ण झाल्यावर लगेच लागतो, नोकरी चालू असली तरीही. कुणी सांगितलं नाही म्हणून त्यांनी 10डी भरलाच नव्हता. तो भरताना पेन्शन 58 पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मागितली, म्हणजे मधल्या दोन वर्षांच्या थकबाकीसकट.

ग्रॅच्युइटीचा चेक 30 एप्रिलच्या आत निघायला हवा होता, कारण तीस दिवस उलटले की 10 टक्के दराने व्याज लागतं. तो 22 तारखेला निघाला.