घर बघायला या: कधी, कुठे आणि काय घेऊन

मंगळवार, 20 जानेवारी

वास्तुशांतीचा मजकूर सासूबाईंनी एकहाती संपवला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा' पर्यंत सगळं जिथल्या तिथे. काका-मामा-आत्यांना तेच शोभतं, त्यात मी हात घालणार नाही. पण कॉलेजची आणि ऑफिसची मंडळी वेगळी बोलवायची आहेत, तो मजकूर माझ्याकडे आलाय.

आधी तारीख. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. 25 जानेवारीला रविवार आहे, पण रथसप्तमी, आणि लगेच सोमवारी 26 तारीख. जोडून सुट्टी मिळाली की अर्धी मुंबई अलिबागला, उरलेली गावाला. 1 फेब्रुवारीला आमचंच सामान खोक्यांत असेल. 15 ला महाशिवरात्र, म्हणजे निम्म्या जणांना उपास आणि पार्टी साबुदाण्याच्या खिचडीवर. उरला 8 फेब्रुवारीचा रविवार. तो धरला आणि आज सगळ्यांना एवढंच कळवलं: "8 फेब्रुवारी, रविवार संध्याकाळ आमच्यासाठी ठेवा. नवीन घर, डोंबिवली. बाकी सगळं पुढच्या आठवड्यात कळवते." इतक्या लवकर पूर्ण पत्ता पाठवून उपयोग नसतो. तो सुप्रभात आणि वाढदिवसांच्या ढिगाऱ्याखाली जातो, आणि मग आयत्या वेळी "परत पाठव ना गं" सुरू होतं.

शुक्रवार, 23 जानेवारी

वेळेवर आज बराच वेळ घालवला. नवऱ्याचं म्हणणं, "संध्याकाळी या असं लिही, येतात लोक." येतात, पण कुणी पाचला चहाला येतं आणि कुणी साडेनऊला जेवायला. यजमान मधले साडेचार तास दारात.

दुपार मी आधीच बाद केली होती. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक म्हणजे साधारण साडेदहा-अकरापासून चारपर्यंत काही खरं नसतं. वसईवाली दादरला गाडी बदलून येणार, पनवेलकरीण ठाण्यावरून. त्यांना दुपारी एकला बोलावणं म्हणजे बोलावणं नव्हेच. साडेपाचला ठेवलं की ब्लॉक उरकल्यावर निवांत निघता येतं.

दुसरी गोष्ट आमच्या ऑफिसातल्या जैन मैत्रिणीची. ती सूर्यास्तानंतर जेवत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. जेवण साडेसातला ठेवून तिला "तुझ्यासाठी जैन पावभाजी केलीये" म्हणण्यात काय अर्थ? तेव्हा तिची भाजी, बटाट्याऐवजी कच्ची केळी घालून, कांदा-लसूण न घालता, सहाला तयार ठेवायची. तिला लिहिताना ते स्पष्ट लिहायचं, नाहीतर ती बिचारी घरून जेवून येईल आणि आपल्याला सांगणारही नाही.

म्हणून निमंत्रणात एक वेळ पुरत नाही, तीन लागतात. साडेपाचला चहा, साडेसातला जेवण, आणि नऊच्या सुमारास निघता येईल हे. शेवटची वेळ लिहिणं आगाऊपणाचं वाटतं खरं, पण लांबून लेकरं घेऊन येणाऱ्याला तीच आधी हवी असते. शिवाय 'जेवूनच जायचं' हे शब्द हवेतच. ते नसले की माणसं घरी कुकर लावून येतात.

रविवार, 25 जानेवारी

पत्ता लिहिला आणि दिराला पाठवला. त्याने नवीन घर पाहिलेलं नाही, त्यामुळे परीक्षेला उत्तम. अट एकच: फक्त मेसेज वाचून यायचं, फोन करायचा नाही.

फोन आलाच. पश्चिमेला उतरला, रेतीबंदर रोडच्या शेअर रिक्षात बसला, आणि सोसायटीचं नाव सांगितलं. नवीन बिल्डिंगचं ते भारदस्त इंग्रजी नाव रिक्षावाल्याने जन्मात ऐकलेलं नव्हतं. मागच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "पाण्याच्या टाकीजवळची का?" तीच. मग त्याने मॅप लावला, तर सोसायटीचं नाव टाकल्यावर मॅप मागच्या गल्लीत नेतो, जिथे बिल्डरचं विक्री कार्यालय होतं आणि आता पत्र्याची भिंत आहे. आत शिरल्यावर वॉचमनने विंग विचारली. मी मेसेजमध्ये 703 लिहिलं होतं, आणि 703 तिन्ही विंगमध्ये आहे.

संध्याकाळी खाली गेले, मुख्य गेटसमोर उभी राहिले आणि तिथून लोकेशन घेतलं. आता पत्ता चालणाऱ्याच्या पावलाने लिहिला आहे: आधी पश्चिम, मग रिक्षा, मग टाकी, मग गेट, मग विंग. सोसायटीचं नाव शेवटी, वॉचमनला सांगण्यापुरतं. डोंबिवलीत पूर्व-पश्चिम चुकलं तर पूल ओलांडून परत यावं लागतं, म्हणून 'पश्चिम' पहिल्याच ओळीत. गाडीने येणारे दोघेच आहेत. पाहुण्यांचं पार्किंग रविवारी भरलेलं असतं, तेव्हा गाडी बाहेर टाकीच्या कडेने लावा, हे त्या दोघांनाच सांगायचं. बाकीच्यांना ते कशाला?

बुधवार, 28 जानेवारी

"काय आणू?" सुरू झालंय.

याला "काही नको गं, तुम्ही या फक्त" हे उत्तर आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलेलं आहे. ते कुणी ऐकत नाही. रिकाम्या हाताने नव्या घरात जायचं हे आपल्या हाडातच नाही. मग माणूस स्टेशनबाहेर उतरतो आणि जे समोर दिसेल ते घेतो. गेल्या वर्षी एका मैत्रिणीकडे असंच झालं. तिने आग्रहाने 'काही आणू नका' लिहिलं होतं. रात्री तिच्या ओट्यावर काजू कतलीचे डबे एकावर एक, सोफ्यावर गणपतीच्या फ्रेमा, आणि भिंतीवरची घड्याळं इतकी की प्रत्येक खोलीत लावून संडासासाठीही एक उरलं.

तेव्हा नकार द्यायचा नाही, काम द्यायचं. आमच्या गॅलरीत अजून एक कुंडी नाही. म्हणून लिहिलं: "भेट नको, पण तुझ्या घरच्या झाडाची एक फांदी आण. ओवा, गवती चहा, मनीप्लांट, काहीही." पैसे लागत नाहीत, ओझं नाही, हात रिकामा राहत नाही. ज्यांच्याकडे झाड नाही तेही "शेजारणीकडून आणते" म्हणाले.

गरज खरी आहे ती बसायची. आमच्याकडे सोफा एक आणि खुर्च्या चार. सगळ्यांना खुर्च्या आणा म्हणणं वेडेपणा, पण ठाकुर्लीचा मित्र गाडीने येतोय आणि त्याच्याकडे घडीच्या खुर्च्या आहेत, त्याला एकट्याला सांगितलं. वसईवालीला सतरंजी. स्वयंपाक जमणाऱ्या दोघींनी फारच धरलं तेव्हा एकीला मिरचीचा ठेचा दिला, दुसरीला सोलकढी. पदार्थ नेमून द्यायचा आणि तो कितीजणांना पुरावा तेही सांगायचं, नाहीतर दोन गुलाबजामचे डबे येतात आणि लिंबू कुणीच आणत नाही.

शनिवार, 31 जानेवारी

आज पाठवले. एकेकाला, वेगवेगळे. ग्रुपवर टाकलं असतं तर अभिनंदनाचे आणि हात जोडल्याचे पन्नास मेसेज येऊन पत्ता वर सरकला असता, आणि कोण येतंय हे कळलं नसतंच. दिराने हौसेने कलश-तोरणाचं एक चित्र बनवून दिलं होतं. देखणं होतं, पण चित्रातल्या पत्त्यावर बोट ठेवून मॅप उघडत नाही आणि नंतर शोधायला गेलं तर सापडत नाही. ते आधी पाठवलं आणि खाली साधा मजकूर.

पहिली ओळ प्रत्येकाची निराळी, बाकीचं तेच. पनवेलकरणीला गेलेला असा:

"अगं, झालं एकदाचं घर! पाया खणत होते तेव्हापासून तू 'चहा कधी' विचारतेयस, तर आता ये प्यायला.
रविवार, 8 फेब्रुवारी. साडेपाचला चहा आणि घर बघणं, साडेसातला पावभाजी-पुलाव. जेवूनच जायचं. नऊपर्यंत निघालात तर ठाण्याहून पुढची गाडी निवांत मिळेल.
तू, तुझे अहो आणि दोन्ही पोरं, सगळे या.
डोंबिवली पश्चिमेला उतर. रेतीबंदर रोडची शेअर रिक्षा, 'पाण्याची टाकी' सांग. टाकीसमोरचं निळं गेट, बी विंग, सातवा मजला, 703. गेटचं लोकेशन खाली पाठवतेय, मॅपवर नाव टाकून शोधू नकोस, मागच्या गल्लीत नेतो.
भेट आणलीस तर परत पाठवीन. तुझ्याकडच्या ओव्याची फांदी मात्र हवीच.
बुधवारपर्यंत सांग, किती जण? पाव सांगायचे आहेत."

शेवटची ओळ मुद्दाम तशी. "येणार ना?" विचारलं की "बघते, जमवते" येतं. "किती जण?" ला आकडाच द्यावा लागतो. कारणही लिहिलं की माणूस टाळत नाही. बेकरीवाल्याला पाव सांगायचे आहेत हे प्रत्येकाला पटतं.

गुरुवार, 5 फेब्रुवारी

बावीस जण. त्यात सहा पोरं. मोठ्यांना तीन पाव आणि पोरांना दोन धरले तर साठ, म्हणजे सहाच्या दहा लाद्या. दोन लाद्या जास्तीच्या सांगितल्या, कारण कॉलेजच्या टोळीतले दोघे तीन पावांवर थांबल्याचं माझ्या पाहण्यात नाही. उरले तर सोमवारी मसाला पाव.

तिघांचा आकडा आला नव्हता. त्यांना मेसेज न करता फोन केला. एकाने मेसेज उघडलाच नव्हता, एकीचा नवरा परगावी म्हणून ती एकटी यायला कचरत होती. ठाकुर्लीवाल्या मित्राच्या गाडीत तिची सोय लावली. मेसेजमध्ये ती हे कधीच लिहिणार नव्हती.

शनिवार, 7 फेब्रुवारी

वॉचमनकाकांना नावांची यादी दिली, नाहीतर प्रत्येक पाहुण्यामागे खालून फोन आणि माझे हात पावभाजीत. संध्याकाळी सगळ्यांना चार ओळी पाठवल्या: उद्या साडेपाच, पश्चिम, पाण्याची टाकी, बी 703. निघण्याआधी ब्लॉक बघा. लोकेशन पुन्हा जोडलं. सोबत दिराचा नंबर दिला, मी स्वयंपाकघरात असेन म्हणून.

पनवेलकरणीचा लगेच उलटा प्रश्न: "फांदी पाण्यात आणू की मातीत?"

ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत, असं कळवलं. गर्दीत पाण्याची बाटली सांडायची.