चार मिनिटांची ओळ

शुक्रवारी चार वाजता क्लायंटला टॅगलाइन दाखवायची होती, आणि सकाळी साडेदहालाच माझी सगळ्यात आवडती ओळ बाद झाली. चहा दार्जिलिंगचा, सेकंड फ्लशचा, म्हणजे साधारण मे-जूनच्या खुडणीचा. ब्रीफ इंग्रजीतून आलं होतं आणि त्यात ‘रिच्युअल’ हा शब्द पुन्हा पुन्हा होता. मी लिहिलं होतं, ‘रोज संध्याकाळचा एक संथ विधी’. आमच्या आर्टिस्टने ती वाचली आणि हळू आवाजात म्हणाला, “ताई, मागच्याच आठवड्यात काकांचे विधी झाले. ओंकारेश्वरावर.”

पुण्यात ओंकारेश्वर म्हटल्यावर पुढे काही बोलायला उरत नाही. मराठीत विधी म्हटलं की दहावा-तेरावा आठवतो, नाहीतर प्रातर्विधी. संध्याकाळचे बाकीचे शब्दही असेच जड आहेत. कातरवेळ म्हटली की हुरहुर लागते. तिन्हीसांजेला झोपू नये, उंबऱ्यावर बसू नये, हे ऐकत आपण मोठे झालो. ‘सोहळा’ म्हणावं तर माणसं जमली पाहिजेत, आणि इथे एखादीच व्यक्ती कप घेऊन खिडकीशी बसणार होती.

हाताशी आणखी दोन ओळी होत्या. ‘दिवसभराचा ताण उतरवणारा चहा’ मी स्वतःच खोडली. तो परिणामाचा दावा झाला, त्याला पुरावा द्यावा लागतो. दुसरी होती ‘थोडा वेळ स्वतःसाठी’. अशा ओळीवर मी एक परीक्षा करते. चहाचा डबा झाकून त्या जागी साबण ठेवायचा, मग आरामखुर्ची, मग विमा. ही ओळ तिन्हींना चपखल बसली. म्हणजे ती चहाची नव्हतीच.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आठवडाभर या चहावर लिहितेय, पण तो नीट करून प्यायलेच नाही. सॅम्पल आलं त्या दिवशी सवयीप्रमाणे दूध-साखर घालून खळखळ उकळला होता. तुरट लागला, वास कुठेच नाही, म्हणून बाजूला सारला. दोष माझ्या पद्धतीत होता. आपल्या रोजच्या चहाची पत्ती बहुतेक सीटीसी असते, म्हणजे यंत्रात चिरडून, फाडून, गोळ्या केलेली. पाण्यात पडली की लगेच रंग सोडते, आणि उकळून दूध घातलं तरी तिचा कडकपणा टिकतो. अमृततुल्यात तीच हवी. दार्जिलिंगचं पान अख्खं, वळलेलं असतं. ते उकळलं की तुरटपणा वर येतो आणि ज्या सुगंधासाठी पैसे मोजले तो वाफेवर जातो.

ऑफिसच्या पॅन्ट्रीत पाणी उकळून खाली उतरवलं, मिनिटभर थांबले. दोनशे मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम पत्ती, काट्यावर तोलून, कारण अख्खी पानं फुगीर असतात, चमच्याचा अंदाज चुकतो. वर झाकण. चार मिनिटं.

दीड मिनिटात मी झाकण उचललं. पाणी फिकट पिवळं, पानं अजून सुरकुतलेली. पुन्हा झाकलं. चार मिनिटांनी रंग मधासारखा झाला होता, पानं उलगडून तळाशी बसली होती, आणि पिकलेल्या द्राक्षासारखा वास आला. या चहात घाई चालतच नाही. मग प्रश्न एवढाच उरला की दुसऱ्याला थांबायला मराठी माणूस प्रेमाने कसं सांगतो? ‘घाई करू नका’ हा दटावण्याचा सूर. आणि एकदम पंगत आठवली. तुपाचं भांडं घेऊन पानांपुढून फिरणारे आजोबा, आणि त्यांचं ते “सावकाश होऊ द्या!”

संध्याकाळ सावकाश होऊ द्या.

संध्याकाळ मावळते तीही हळूहळू, आणि यजमानाचा आग्रहही त्यातच आला. साबणाला ही ओळ लागत नाही. एखाद्या खाणावळीला लागेल, हे मान्य. पण झाकण ठेवून वाट बघायला लावणाऱ्या या चहाला ती जास्त शोभते.

चार वाजता मी आधी चहा केला, ओळ नंतर वाचली. क्लायंटच्या दोन शंका होत्या. “सावकाश म्हणजे घाटातली पाटी वाटते, वाहने सावकाश चालवा.” मी त्यांना ‘होऊ द्या’सकट मोठ्याने वाचायला सांगितलं. वाचताना त्यांचाच सूर यजमानाचा झाला, आणि ती शंका तिथेच मिटली. दुसरी शंका म्हणजे ओळीत चहा हा शब्दच नाही. तो डब्यावर ब्रँडच्या नावात आहे, पण त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ओळ एकटी होर्डिंगवर गेली तर अडेल. म्हणून खाली बारीक अक्षरात कृती घेतली, ‘पाणी उतरवा, पत्ती घाला, चार मिनिटं झाकून ठेवा.’

शेवटी त्यांना उद्गारचिन्ह हवं होतं. तेवढं मात्र मी दिलं नाही. आर्टिस्टने ‘संध्याकाळ’ वरच्या ओळीत एकटी ठेवली, बाकीचं खाली घेतलं, आणि पूर्णविराम दिला.